आरोग्य पाठ : उलटीचा रंग पाहावा

पाड्यावर आजाऱ्याला भेटायला गेलो की घरचे सांगतात, "कालपासून उलट्या होतात." किती वेळा झाल्या, हे आपण विचारतोच. त्याबरोबर रंग कसा होता, हेही विचारावे. उलटी फडक्यावर किंवा जमिनीवर असेल तर ती स्वतः पाहावी, कारण एकाच गोष्टीला कोणी पिवळी म्हणतो, तर कोणी हिरवी.

समजा, पन्नाशीचा एक वीटभट्टी कामगार आहे. गुडघे दुखतात म्हणून महिनाभर तो दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून खातो आहे, बहुतेक वेळा सकाळी उपाशीपोटी. आठवडाभर पोटात जळजळते आहे. आज त्याला उलटी झाली आणि त्यात चहाच्या चोथ्यासारखे काळपट-तपकिरी कण दिसले. डॉक्टर याला कॉफीच्या भुकटीसारखी उलटी म्हणतात. पाड्यावर कॉफी कोणी पीत नाही, म्हणून चहाचा चोथा लक्षात ठेवणे सोपे.

हा चोथा म्हणजे रक्तच. जठरात रक्त पाझरून थोडा वेळ साचले की तिथल्या आम्लामुळे त्याचा लाल रंग जातो आणि ते तपकिरी होते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन या गोळ्या जठराच्या आतल्या अस्तराचे संरक्षण कमी करतात आणि तिथे जखम, म्हणजे अल्सर, होऊ शकतो. जेवणानंतर गोळी घेतली तरी हा धोका पूर्णपणे टळत नाही. पॅरासिटामॉलने असा अल्सर सहसा होत नाही.

आता त्या माणसाला शौचाबद्दल विचारावे, लाज वाटली तरी. शौच डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची असेल तर रक्त आतड्यातही उतरले आहे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती डांबरासारखी चिकट नसते. मग मनगटाची नाडी १५ सेकंद मोजावी आणि चारने गुणावे. स्वस्थ पडलेल्या मोठ्या माणसाची नाडी १०० च्या वर असेल, हातपाय गार आणि घामट असतील, उठताच अंधारी येत असेल, तर बरेच रक्त गेले आहे. मात्र नाडी ठीक आहे म्हणून घरी थांबू नये. १०८ ला फोन करून त्याच दिवशी ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात न्यावे. जळजळ शमावी म्हणून दूध पाजण्याची आपल्याकडे सवय आहे. इथे ते टाळावे, कारण दुर्बिणीने जठर तपासायचे तर ते रिकामे लागते. गोळ्यांचे पाकीट मात्र आठवणीने सोबत घ्यावे.

लाल रक्ताची उलटी झाली तर वाट पाहायला वेळच नसतो. वर्षानुवर्षे दारू पिऊन यकृत निबर झालेल्या माणसाच्या अन्ननलिकेतील शिरा फुगतात आणि एखादी फुटली की ओंजळ-ओंजळ रक्त पडते. त्याला कुशीवर झोपवावे, म्हणजे रक्त श्वासनलिकेत जाणार नाही, आणि तसेच गाडीत घालावे. खोकल्याबरोबर फेसाळ लाल रक्त पडत असेल तर ते बहुधा फुप्फुसातून येते. त्यात क्षयरोगाची शंका घ्यावी लागते. तेव्हा आधी खोकला आला की मळमळ, हे विचारावे.

हिरव्या रंगाचे वेगळे आहे. पित्त जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीला उतरते. मोठ्या माणसाला रिकाम्या पोटी पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या की शेवटी कडू, हिरवट-पिवळे पाणी पडतेच. पोट फुगले नसेल आणि वारा सरत असेल तर त्या रंगाने घाबरू नये.

नवजात बाळाला हे लागू नाही. दूध पिऊन बाळाने थोडे पांढरे, फाटलेले दूध बाहेर टाकणे नेहमीचेच. पण उलटी पालकाच्या रसासारखी हिरवी असेल तर आतड्याची वाट अडली आहे, असेच धरून चालावे. काही बाळांचे आतडे जन्मतः नीट बसलेले नसते. त्याला पीळ पडला की रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत आतडे मरू लागते. फसगत होते ती इथे : सुरुवातीला बाळाचे पोट मऊ असते, बाळ बरे दिसते, आणि घरचे सकाळपर्यंत थांबतात. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. पीळ त्याने सुटत नाही आणि हाती असलेले तास मात्र त्यातच जातात. त्याला शस्त्रक्रियाच लागते. म्हणून दूध पाजणे थांबवावे, बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून वरून पांघरूण घालावे आणि रात्र असली तरी निघावे. निघताना त्या हिरव्या डागाचे फडके न धुता पिशवीत घ्यावे. ते पाहिले की डॉक्टरांना रंग सांगत बसावे लागत नाही.