सामना संपल्यानंतरचे मैदान

क्रिकेटच्या सामन्यास किंवा गाण्याच्या जलशास हजारो लोक एकत्र येतात, तेव्हा काही तासांपुरते एक लहानसे गावच तिथे वसलेले असते. मात्र या गावाला रस्ते नसतात, घरे नसतात, आणि रोजच्या रोज केर नेणारी व्यवस्थाही नसते. त्यामुळे सामना संपल्यावर मैदानात पडलेल्या कचऱ्याकडे पाहून आपण सहसा प्रेक्षकांच्या बेशिस्तीला दोष देतो. थोडा विचार केला, तर या कचऱ्याचे भवितव्य पहिला चेंडू पडण्यापूर्वीच बऱ्याच अंशी ठरलेले असते, असे दिसून येते. कोणत्या वस्तू आत विकल्या जातील, पिंपे कोठे ठेवली जातील आणि त्यांच्याजवळ केव्हा कोण उभे राहील, या तीन गोष्टींवर ते अवलंबून असते.

एक उदाहरण घेऊन हा विषय समजावून घेऊ. छत्तीसगढमधील दुर्ग-भिलाई या जुळ्या शहरांत बोरसी ही वस्ती आहे. तेथील एखाद्या मोकळ्या मैदानावर टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धेचा अंतिम दिवस आहे, दुपारी चारपासून रात्री दहापर्यंत खेळ चालणार आहे आणि पाच हजार प्रेक्षक येतील, अशी कल्पना करू. पुढील आकडे हे नियोजनासाठी केलेले अनुमान आहे. आपल्या गावच्या सामन्यासाठी प्रत्येकाने ते स्वतः मांडून पाहावेत.

वजन आणि जागा

कचऱ्याचा अंदाज दुकानांवरून बांधावा, कारण जे विकले जाते तेच पुढे टाकले जाते. आपल्या मैदानावर दर माणशी एक पत्रावळ अथवा द्रोण, चहाचे दोन कागदी पेले आणि खाऊचे एखादे वेष्टन खपेल, आणि दोघांमागे पाण्याची एक बाटली विकली जाईल, असे धरू. पत्रावळीचे वजन पंधरा ग्रॅम आणि तीत उरलेले अन्न पन्नास ग्रॅम धरले, तर ओला कचरा सव्वातीनशे किलो होतो. पेले, वेष्टने आणि रिकाम्या बाटल्या हा सुका कचरा मात्र सगळा मिळून शंभर किलोच्या आसपासच भरतो.

एवढ्यावरून ओल्या कचऱ्यासाठी पिंपे अधिक हवीत, असे कोणीही म्हणेल; आणि नेमकी येथेच चूक होते. उष्टे अन्न जड असले तरी थोड्या जागेत बसते. पत्रावळींसह ते सव्वा हजार लिटरांत मावेल. उलट रिकामी बाटली आणि चुरगळलेला पेला आपल्यापेक्षा अधिक हवा व्यापतात. अडीच हजार बाटल्या, दहा हजार पेले आणि वेष्टने यांना सुमारे पाच हजार लिटर जागा लागेल. म्हणजे वजनात ओल्या कचऱ्याचा वाटा तीन-चतुर्थांश असतो, तर जागेत सुक्याचा वाटा चार-पंचमांश असतो. गाडी ठरवताना वजन पाहावे आणि पिंपे ठरवताना जागा पाहावी, हा यातला नियम होय.

शंभर लिटरांचे पिंप तीन-चतुर्थांश भरले की पोते बदलावे लागते, कारण काठोकाठ भरलेल्या पिंपाभोवती लोक कचरा जमिनीवर ठेवू लागतात. या हिशेबाने सुक्यासाठी सुमारे सदुसष्ट पोती भरतील आणि ओल्यासाठी सतरा. आपण पिंपांच्या वीस जोड्या ठेवल्या, तर सुक्याचे पोते प्रत्येक ठिकाणी तीन-चार वेळा बदलावे लागेल, ओल्याचे मात्र क्वचितच. ओल्या पोत्याचे वजन सोळा किलोंच्या आसपास राहील. म्हणजे एका माणसास ते उचलता येईल. सुटीची मिळून शंभर पोती जवळ असावीत.

विक्रीच्या वस्तूंवर आयोजकांचा थोडाफार अधिकार चालतो, आणि तो आधीच बजावावा. प्लॅस्टिकचे पेले, ताटल्या, चमचे आणि काडीला लावलेले प्लॅस्टिकचे छोटे झेंडे यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. त्यांच्या जागी आलेला कागदी पेला मात्र फसवा असतो. चहा झिरपू नये म्हणून त्याच्या आतल्या बाजूस प्लॅस्टिकचा पातळ थर दिलेला असतो. त्यामुळे तो खतात कुजत नाही, म्हणून त्याला सुक्याच्या पिंपातच टाकले पाहिजे. याउलट पळसाच्या अथवा सालाच्या पानांची पत्रावळ उष्ट्यासकट ओल्या पिंपात जाऊ शकते. म्हणून पानांच्या पत्रावळी वापरण्याची अट दुकानदारांना घातली, तर खाणाऱ्याला वेगळे करण्यासारखे फारसे काही उरतच नाही.

पिंप कोठे ठेवावे

माणूस कचरा हातात धरून फार दूर जात नाही. म्हणून जेथे हात रिकामा होतो तेथे पिंप असावे. खाद्यपदार्थ दुकानाच्या फळीशी विकत घेतले जातात, पण ते खाऊन संपतात दहा-पंधरा पावलांवर. पिंपांची जोडी त्या जागी हवी. हात धुण्याच्या नळाजवळ दुसरी जोडी हवी. बसण्याच्या रांगांमधील वाटेत मात्र पिंप कधीही ठेवू नये. चेंगराचेंगरीच्या वेळी ते पायांत येते, आणि स्वच्छतेपेक्षा जीव मोलाचा आहे.

प्रवेशद्वार ही सर्वांत दुर्लक्षित जागा होय. झडतीत पाण्याच्या बाटल्या, काडेपेट्या आणि तंबाखूच्या पुड्या काढून घेतल्या जातात, आणि दाराबाहेर त्यांचा ढीग होतो. अर्ध्या भरलेल्या बाटल्या पिंपात टाकल्या, तर पिंप पाण्यानेच जड होते आणि पोते फाटते. त्यासाठी दाराशी पाणी ओतण्याचे एक रिकामे पिंप आणि त्याच्याजवळ बाटल्यांचे दुसरे पिंप ठेवावे.

पिंपे नेहमी जोडीनेच ठेवावीत. एकटे पिंप दिसले की त्यावर काहीही लिहिलेले असो, लोक त्यात सर्व काही टाकतात. जोडीतील ओल्याचे पिंप हिरवे आणि सुक्याचे निळे असावे. झाकणे काढून ठेवावीत, कारण उष्ट्या झाकणाला हात लावणे कोणालाच आवडत नाही. सुक्यावर बाटली जाईल एवढेच गोल भोक पाडलेला पत्रा बसवला, तर पत्रावळ त्यात जात नाही. फलक पिंपाच्या पोटावर लावल्यास गर्दीत झाकला जातो; म्हणून तो काठीवर, डोक्याच्या उंचीच्या वर असावा. त्यावर अक्षरांऐवजी खरा पेला आणि खरी पत्रावळ खिळ्याने अडकवून ठेवल्यास भाषेची अडचणही राहत नाही.

स्वयंसेवक आणि खेळाची गती

प्रत्येक जोडीमागे एक स्वयंसेवक धरला, तर वीस जण लागतील. पोती बांधून नेण्यास सहा आणि देखरेखीस दोघे लागतील. दोन-दोन तासांची पाळी लावावी. स्वयंसेवकाचे काम पिंपाशी उभे राहून वस्तू कोणत्या पिंपात जाते ते दाखवणे एवढेच आहे. पिंपात हात घालून वस्तू काढण्याचे काम त्याला देऊ नये. पेल्यातला उरलेला चहा ओतण्यासाठी त्याच्याजवळ एक बादली मात्र हवी. सुका कचरा बिघडण्याचे मुख्य कारण उष्टे अन्न नसून हा उरलेला चहा असतो. तो पुठ्ठ्यावर सांडला की पुठ्ठ्याला गिऱ्हाईक मिळत नाही.

कचरा दिवसभर सारखा पडत नाही. आत येताना, दोन डावांच्या मध्यंतरात आणि बाहेर पडताना अशा त्याच्या तीन लाटा येतात. या लाटा घड्याळाप्रमाणे येतील असे समजणे धोक्याचे असते. 21 जानेवारी 2023 रोजी नवा रायपूर येथील शहीद वीर नारायण सिंह क्रीडांगणावर भारत आणि न्यूझीलंड यांच्यात एकदिवसीय सामना झाला. न्यूझीलंडचा डाव 34.3 षटकांत 108 धावांवर आटोपला, आणि भारताने 20.1 षटकांतच विजय मिळवला. शंभर षटकांच्या सामन्यात पंचावन्न षटकेही पुरी झाली नाहीत. अशा दिवशी घड्याळावर आखलेली पाळी असेल, तर मध्यंतराची गर्दी उसळते तेव्हा स्वयंसेवक अजून जेवत असतात, आणि प्रेक्षक घरी निघतात तेव्हा रिकामी पोती कोठडीतच असतात.

यावर उपाय साधा आहे. स्वयंसेवकांनी धावफलकाकडे पाहावे. पहिल्या डावात सातवा गडी बाद झाला की सर्वांनी आपापल्या जोडीशी उभे राहावे. दुसऱ्या डावात विजयासाठी तीस धावा उरल्या की अर्धे स्वयंसेवक रिकामी पोती घेऊन बाहेरच्या दारांकडे जावेत. जलशात ही जागा शेवटच्या गाण्याच्या आधीच्या गाण्याला द्यावी.

काम बिघडत आहे काय, हे पहिल्या तासाच्या अखेरीसच तपासावे. एक ओले पोते उघडून वरच्या दहा वस्तू पाहाव्यात. त्यांत दोनहून अधिक पेले अथवा बाटल्या दिसल्या, तर त्या जोडीची जागा किंवा फलक चुकला आहे असे समजावे आणि ताबडतोब बदल करावा. रात्री दहा वाजता हे कळून काहीही उपयोग नसतो.

रात्रीचे वर्गीकरण

दिवसभराचे श्रम शेवटच्या पाव तासात वाया जाऊ शकतात. मैदान लवकर मोकळे करण्याच्या घाईत ओली आणि सुकी पोती एकाच गाडीत दाबून भरली, की फुटलेल्या पोत्यांतून सर्व काही पुन्हा एक होते. याची किंमत जो मोजतो, तो मैदानावर उपस्थित नसतो. दुसऱ्या सकाळी निवाडा करण्यास बसणाऱ्या स्त्रीला आमटीने माखलेल्या ढिगातून बाटल्या काढाव्या लागतात, आणि फुटक्या काचेने कापतो तो तिचा हात.

म्हणून पोत्यांना दोन रंगांच्या सुतळ्या बांधाव्यात आणि ती दोन खेपांनी न्यावीत. ओले पोते त्याच रात्री खताच्या खड्ड्याकडे रवाना व्हावे. मैदानाच्या कडेला ठेवल्यास कुत्री आणि मोकाट गुरे ते फाडतात, आणि गुरांच्या पोटात प्लॅस्टिक जाते. सुके पोते छपराखाली ताडपत्रीवर, शक्य तर कमरेच्या उंचीच्या फळीवर रिते करावे. बाटल्या, पुठ्ठा, डबे, कागदी पेले आणि चकचकीत वेष्टने असे पाच ढीग पुरेत. काच अगदी प्रथम, जाड हातमोजे घालून वेगळी करावी. छत्तीसगढच्या शहरांत बचतगटांच्या स्त्रिया चालवीत आलेली मणिकंचन केंद्रे याच कामासाठी आहेत. परंतु एका रात्रीत चौपट माल येणार असेल, तर त्यांना आधी कळवणे आणि जादा मजुरी देणे हे आयोजकांचे काम आहे. शंभराहून अधिक लोकांच्या कार्यक्रमाची सूचना किमान तीन कामकाजाचे दिवस अगोदर स्थानिक संस्थेस द्यावी, असे बंधन 2016 च्या घनकचरा नियमांनी घातले, त्यामागचे कारणही हेच होते.

बाटल्या, पुठ्ठा आणि डबे विकले जातील. पेले आणि वेष्टने यांना बहुधा गिऱ्हाईक मिळणार नाही, आणि कितीही चांगले वर्गीकरण केले तरी त्यांतून सुटका नाही. म्हणून प्रत्येक ढीग ताणकाट्यावर तोलून वहीत नोंदवावा. पुढील वर्षी दुकानदारांशी अटी ठरवताना हीच वही पुढे ठेवावी. न विकल्या गेलेल्या ढिगात पेलेच अधिक असतील, तर चहा कुल्हडात अथवा धुऊन वापरण्याच्या पेल्यात द्यावा लागेल, हे त्या वहीतच लिहिलेले असेल.