काळीवरील घर

मनमाड हे नाशिक जिल्ह्यातील रेल्वेचे मोठे जंक्शन होय. गावाजवळ अणकाई आणि टणकाई हे जोडकिल्ले उभे आहेत. ज्या काळ्या पाषाणाचे हे डोंगर बनले आहेत, तो पाषाण म्हणजे फार प्राचीन काळी थंड झालेला लाव्हारस. ऊन, वारा व पाऊस यांनी हा पाषाण झिजतो. अर्धवट झिजला, की त्याचा मुरूम होतो. आणखी झिजून सखल भागात साचला, की त्याची काळी माती बनते. म्हणून या प्रदेशात डोंगराच्या पायथ्याशी मुरमाड जमीन, तर सपाटीवर काळी जमीन आढळते.

आपल्या पूर्वजांनी गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले होते. पिकाची ती 'काळी' आणि वस्तीची ती 'पांढरी'. काळीत कापूस व ज्वारी पिकवावी, घर मात्र पांढरीवर बांधावे, अशी ही रीत होती. पुढे गावे वाढली, पांढरी अपुरी पडू लागली आणि घरे काळीवर येऊ लागली. तेव्हा काळ्या मातीचा एक विलक्षण गुण घरांना बाधू लागला. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते.

असे का होते? काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याची रचना पोथीच्या सुट्या पानांसारखी असते. अतिशय पातळ असे थर एकावर एक रचलेले असतात. पाणी या थरांमध्ये शिरते आणि त्यांना एकमेकांपासून दूर सारते. पाणी आटले, की थर पुन्हा जवळ येतात. उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या रुंद भेगा पडतात, त्या यामुळेच.

माती किती फुगते, हे पाहण्याची एक सोपी परीक्षा आहे. वाळवून बारीक चाळलेली माती दोन मोजनळ्यांत प्रत्येकी १० घनसेंटिमीटर घेतात. एकीत पाणी व दुसरीत रॉकेल भरतात आणि एक अहोरात्र तशीच ठेवतात. रॉकेलने माती फुगत नाही. समजा, रॉकेलातील माती १० घनसेंटिमीटरच राहिली आणि पाण्यातील १८ झाली, तर ती ८० टक्के फुगली. ही वाढ ५० टक्क्यांच्या वर गेली, तर त्या जागी पाया घालताना विशेष सावधगिरी बाळगावी लागते.

आता समजा, अशा जमिनीवर कोणी विटांचे एकमजली घर बांधले आणि पाया जेमतेम १ मीटर खोल घेतला. पावसाळ्यात भिंतींलगतची माती प्रथम भिजते व फुगते. घराच्या मध्याखालची माती मात्र छपराच्या आडोशाने फारशी बदलत नाही. त्यामुळे घराच्या कडा उचलल्या जातात. उन्हाळ्यात उलट होते. कडेची माती वाळून आकसते आणि कडा खाली बसतात. माती सर्वत्र सारखीच हलली असती, तर घराचे फारसे बिघडले नसते. परंतु ती कोठे अधिक व कोठे कमी हलते. विटांची भिंत वाकू शकत नाही, म्हणून ती तडकते.

या तडा ओळखता येतात. त्या बहुधा खिडकी-दारांच्या कोपऱ्यांपासून तिरप्या निघतात. ऋतूप्रमाणे त्या रुंदावतात व मिटतात, आणि एरव्ही सहज लागणारे दार काही महिने चौकटीत अडकू लागते. तडेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करून दर महिन्यास त्यांतील अंतर तारखेसह लिहून ठेवले, तर माती हलते आहे की नाही, याचा पुरावाच मिळतो. ही पीडा विशेषेकरून हलक्या घरांना होते. मोठ्या इमारतीचे ओझे मातीला दाबून धरते. लहान घराचे ओझे फुगणाऱ्या मातीपुढे अपुरे पडते.

मग उपाय कोणता? काळी मातीचा थर मीटर-दीड मीटरच असेल, तर तो खणून पाया खालच्या मुरमावर टेकवावा, हे उत्तम. थर खोल असेल, तर ते परवडत नाही. परंतु ऋतुमानाचा परिणाम जमिनीत फार खोलवर पोहोचत नाही. आपल्याकडे सुमारे साडेतीन मीटरांखाली मातीतील ओल वर्षभर जवळजवळ सारखी असते. घराने वरच्या चंचल मातीचा आधार सोडून खालच्या स्थिर मातीचा आधार घ्यावा, ही कल्पना यातून निघाली. रुडकी येथील केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने यासाठी तळाशी फुगीर असलेले खांब आपल्या देशात प्रचारात आणले. त्यांना 'अंडररीम्ड पाइल' म्हणतात.

आपले घर ६ मीटर लांब व ४ मीटर रुंद आहे असे समजा. चार कोपऱ्यांवर चार आणि मधे दोन-दोन मीटरांवर सहा, असे दहा खांब त्यास पुरतील. प्रत्येक ठिकाणी मोठ्या गिरमिटाने ३० सेंटिमीटर व्यासाचे व ४ मीटर खोल भोक पाडतात. नंतर त्यात दुसरे हत्यार सोडतात. त्याची दोन पाती खाली दाबताच बाहेर उघडतात आणि फिरवताना भोकाच्या तळाजवळची माती कोरून काढतात. ती माती हत्याराच्या बादलीत पडते. बादली वर काढून रिकामी करतात व पुन्हा सोडतात. असे करीत तेथे ७५ सेंटिमीटर व्यासाची पोकळी तयार होते. मग लोखंडी सळयांचा सांगाडा उतरवून लागलीच काँक्रीट भरतात; कारण उशीर केल्यास भोकाच्या बाजू ढासळण्याचा संभव असतो.

या फुगीर भागाचे काम दुहेरी आहे. त्याचे क्षेत्रफळ खांबाच्या सव्वासहा पट असल्याने घराचे ओझे मोठ्या जागेवर पसरते. शिवाय वरची माती फुगताना खांबाला चिकटून त्यास वर ओढते, तेव्हा हा गोळा नांगराप्रमाणे त्यास धरून ठेवतो. या ओढाताणीत खांब तुटू नये, म्हणून सळया वरपासून तळापर्यंत असाव्या लागतात.

खांबांच्या माथ्यांवर काँक्रीटची तुळई घालून तिच्यावर भिंत उभारतात. तुळई व जमीन यांमध्ये निदान ८ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावीच लागते. फुगणाऱ्या मातीला वर येण्यास ती वाट असते. पुष्कळदा बांधकाम संपताना ही फट माती किंवा विटांचे तुकडे घालून बुजवली जाते. मग माती फुगून थेट तुळईलाच वर रेटते, आणि खांबांवर केलेला सारा खर्च वाया जातो.

एवढे करूनही घराची फरशी जमिनीवरच असते. तिच्याखालची काळी माती काही खोलीपर्यंत काढून न फुगणारा मुरूम दाबून भरला नाही, तर भिंती शाबूत राहतात, पण फरशी मात्र उचलते. घरालगत सांडपाणी मुरू न देणे आणि मोठी झाडे भिंतीपासून दूर लावणे हेही अवश्य आहे. कारण सांडपाण्याने माती फुगते आणि झाडाची मुळे तिच्यातील ओल शोषून तिला आकसवतात.

काळीवर घर बांधू नये, असे पूर्वज सांगत. आज तेथे घर बांधता येते. पण त्या मातीला हलण्यास जागा सोडली, तरच ते टिकते.

स्वाध्याय

१. 'काळी' आणि 'पांढरी' या शब्दांचा अर्थ सांगा.
२. मातीच्या परीक्षेत रॉकेल कशासाठी वापरतात?
३. कारणे द्या : (अ) मोठ्या इमारतीपेक्षा लहान घराला तडा अधिक जातात. (आ) तुळईखालची फट बुजवू नये.
४. खांबाचा व्यास ४० सेंटिमीटर असून फुगीर भागाचा व्यास त्याच्या अडीचपट असेल, तर तो किती?