थकलेल्या बिलाचे पहिले पत्र

असे समजा की, मालेगावच्या एका छापखान्याने एका दुकानदाराला ४०० वह्या छापून दिल्या. बिल क्रमांक ४७, तारीख ५ जून, रक्कम ६,४०० रुपये. बिलावर लिहिले होते : 'रक्कम ३० दिवसांत द्यावी.' म्हणजे मुदत ५ जुलैला संपली. ९ जुलैपर्यंत पैसे आले नाहीत. तेव्हा छापखान्याच्या कारकुनाने पत्र लिहिले :

'तुम्ही अजून पैसे दिले नाहीत. ताबडतोब पाठवा. नाहीतर पुढचे काम मिळणार नाही.'

मालकाने हे पत्र पाठवू दिले नाही. ते म्हणाले, "अहो, उशीर चारच दिवसांचा आहे. कदाचित बिल हरवले असेल, कदाचित चेक वाटेत असेल. पहिल्याच पत्रात धमकी दिली, तर दुसऱ्या पत्रात काय लिहाल? शिवाय 'ताबडतोब' म्हणजे नेमके कधी?"

कारकुनाने दुसरे पत्र लिहिले : 'आपल्या सवडीने, जमल्यास पैसे पाठवावेत.' मालक हसले. "आता पत्र गोड झाले, पण तारीखच हरवली. दुकानदार म्हणेल, सवड अजून झाली नाही!"

शेवटी असे पत्र तयार झाले :

'महोदय,
५ जूनच्या बिल क्रमांक ४७ ची रक्कम रुपये ६,४०० अद्याप आमच्याकडे जमा झालेली दिसत नाही. तिची मुदत ५ जुलैला संपली आहे. कृपया ही रक्कम १५ जुलैपर्यंत पाठवावी, ही विनंती. बिलाची प्रत सोबत जोडली आहे. बिलाबद्दल काही शंका असल्यास अवश्य कळवावे. रक्कम आधीच पाठवली असल्यास या पत्राकडे लक्ष देऊ नये.
आपला विश्वासू'

आता पहिल्या आणि शेवटच्या पत्रांतील भाषा पाहा. 'तुम्ही पैसे दिले नाहीत' या वाक्यात दोष माणसाला दिला आहे. 'रक्कम जमा झालेली दिसत नाही' या वाक्याचा कर्ता रक्कम आहे. त्यामुळे आरोप होत नाही. 'पाठवा' ही आज्ञा आहे. 'पाठवावी' ही विनंती आहे. शब्द मऊ झाले, पण आकडे आणि तारखा स्पष्ट आल्या.

पत्रात मुदतीच्या तारखा दोन आहेत, हेही लक्षात घ्या. फक्त १५ जुलै लिहिली असती, तर दुकानदाराला वाटले असते की मुदतच वाढली. ५ जुलै लिहिल्यामुळे उशीर झाला आहे हे त्याला न रागावता समजते.

शब्दार्थ
मुदत – ठरलेला काळ
थकलेले – वेळेवर न दिलेले
अद्याप – अजूनपर्यंत
सवड – मोकळा वेळ

स्वाध्याय
१. मालकाने कारकुनाचे पहिले पत्र का पाठवू दिले नाही?
२. 'जमल्यास' या शब्दामुळे पत्रात कोणती उणीव राहिली?
३. विनंतीच्या रूपात लिहा : 'तुम्ही चेक पाठवला नाही. उद्या पाठवा.'