पहिल्या फोटोखालची ओळ

चि. मनूस,


काल रात्री चिनूचा फोन आला. म्हणे मनूताईने १४ फेब्रुवारीला फोटोखाली टाकायला पानभर मजकूर लिहून ठेवलाय. त्यातलं एक वाक्य तिने वाचून दाखवलं: नापास झाल्यावर तुझा ‘तो’ तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, ते. मला झोप लागली नाही. त्याला विचारलंस का गं?

इन्स्टाग्रामवर २,२०० अक्षरं मावतात, म्हणून काय ती भरायचीच? फोटोखाली सुरुवातीच्या एक-दोन ओळी दिसतात, बाकीचं दुमडून ठेवलेलं असतं. ते उलगडून वाचायला वेळ कुणाला असतो, तर आपल्या धाकट्या काकूंना! मजकूर नंतर बदलता येतो, पण तोवर कुणी स्क्रीनशॉट काढला तर त्यावर तुझा हात चालत नाही.

तुला रागावण्याचा हक्क मला नाही खरं तर. १९९१ साली मीही एकाच्या वाढदिवसाला ग्रीटिंग कार्ड दिलं होतं. छापील ओळीखाली जागा पुरेना, तर आत दोन पानं घातली. त्याच्या वडिलांची नोकरी गेल्याचं त्याने फक्त मला सांगितलं होतं; मी तेही लिहिलं, धीर द्यायचा म्हणून. पाकीट त्याच्या भावाने फोडलं आणि चारचौघांत मोठ्याने वाचलं. तो माझ्यावर चिडला नाही. मला काही सांगायचा मात्र थांबला. दादाला यातलं काही माहीत नाही, तूही बोलू नकोस.

तू पाठवलेला तो मिसळीचा फोटो आहे ना, तोच टाक. फोटोत जे दिसतंय त्यातलंच एखादं उचल, थोडी त्याची खोडी काढ, की झालं. मी असं लिहिलं असतं:

‘तर्री त्याच्या शर्टावर, पाव माझ्या ताटात. आमची पहिली १४ फेब्रुवारी.’

यात पहिलेपणा आला, लाडही आले, आणि काकूंना उलगडायला काही उरलं नाही. ‘जन्मोजन्मी’ वगैरे राहू दे. भेटून आठच महिने झालेत. त्याच्या वाढदिवसाला ‘वाढदिवस याचा, पहिला घास माझा’ एवढं पुरे. आणि ही ओळसुद्धा टाकण्याआधी त्याला दाखव. शर्टाच्या डागावर तो हसला तर टाक, कसनुसा झाला तर दुसरी शोध.

लिहिलेलं पान फाडू मात्र नकोस. चिनू म्हणाली, ऐकताना तिलाही रडू आलं. हाताने नीट उतरून काढ आणि त्याच्या हातात दे, भावाच्या नाही.

जरा जास्तच बोलले का? तुझ्या जन्मानंतर तुला पहिल्यांदा मांडीवर घेतलं ती मीच, म्हणून बोलते. रविवारी ये. त्यालाही आण, मी मिसळच करणार आहे. शर्ट गडद रंगाचा घालायला सांग.

तुझी,
आत्या