विहिरीत कारखान्याचे पाणी उतरले तर

परळ, लालबाग, दादरच्या वस्त्यांत आपण नळाचे पाणी पितो. पण आपल्यापैकी अनेकांची म्हातारी माणसे अजून गावी आहेत, आणि मे महिन्यात मुलेही तिकडेच जातात. महाड किंवा खेड तालुक्यातील लोटे-परशुराम येथे तर रसायनांच्या औद्योगिक वसाहती गावांना लागून आहेत. म्हणून आरोग्य शिबिरांत आम्हाला एक प्रश्न हमखास येतो : "ताई, विहिरीच्या पाण्याला वास येतो, उकळून प्यायले तर चालेल ना?"

चालणार नाही. उकळल्याने जंतू मरतात. मेडिक्लोरचे थेंबही जंतूंसाठीच असतात. कारखान्याच्या सांडपाण्यातील क्षार, धातू आणि नायट्रेट हे जंतू नव्हेत; ते मरत नाहीत. उलट पाणी आटते आणि तेवढ्याच पाण्यात त्यांचे प्रमाण वाढते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला नायट्रेट जास्त असलेल्या पाण्यात दुधाची पावडर कालवून पाजली, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळे पडू शकते. आई पाणी कितीही उकळो, हा धोका टळत नाही. तुरटीने गाळ खाली बसतो, विरघळलेले विष तसेच राहते.

मग उपाय काय? तो समजून घ्यायला राजस्थानातील बिछडी गावाची हकिकत उपयोगी पडेल. उदयपूर जिल्ह्यातील या गावाजवळ 1988 च्या सुमारास 'एच ॲसिड' बनवायला सुरुवात झाली. सुती कापडाच्या रंगासाठी लागणारा हा कच्चा माल आहे. माल झाला सुमारे 375 टन, पण त्यातून विषारी गाळ निघाला सुमारे 2,440 टन. म्हणजे एक टन मालामागे साडेसहा टन गाळ! तो उघड्यावर पडून राहिला आणि सांडपाणीही तसेच सोडले गेले. पाऊस पडला की पाणी त्या ढिगातून झिरपून जमिनीखाली जाई. विहिरींचे पाणी काळपट झाले. ते माणसांना, जनावरांना आणि शेतीलाही निरुपयोगी ठरले. 1989 च्या सुरुवातीपर्यंत ते उत्पादन बंद झाले, पण विहिरी सुधारल्या नाहीत. कारण ढीग तिथेच होता.

इथे शेतकऱ्याची एक समजूत नेहमी आडवी येते : "पंप लावून विहीर एकदा उपसून टाकू, नवे पाणी चांगले येईल." साधा हिशेब करून पाहू. वीस फूट रुंद विहिरीत सोळा फूट पाणी असेल, तर ते सुमारे एक लाख चाळीस हजार लिटर होते. पण विहीर म्हणजे जमिनीतल्या पाण्याकडे उघडलेली फक्त एक खिडकी आहे. भोवतालच्या पंचवीस एकरांत खडकाच्या भेगांमध्ये तेच पाणी भरलेले असते, आणि ते अशा शंभर विहिरी भरतील एवढे असू शकते. विहीर उपसली की दोन दिवसांत तेच दूषित पाणी पुन्हा येते. एवढेच नव्हे, जोराने उपसा केला की कारखान्याच्या बाजूचे पाणी अधिक वेगाने आपल्याकडे ओढले जाते. भेगा जिकडे, पाणी तिकडे; म्हणून जवळची विहीर चांगली आणि लांबची बिघडलेली असेही घडते. "शेजाऱ्याचे पाणी चांगले आहे" हा कारखान्याच्या बाजूने पुरावा होत नाही.

खरे उपाय तीन आणि ते क्रमानेच करावे लागतात. पहिला, सांडपाणी सोडणे थांबवणे. दुसरा, साठलेला गाळ आणि त्याखालची खराब माती उचलून घातक कचऱ्याच्या परवानाधारक केंद्रात नेणे. आपल्याकडे असे केंद्र तळोज्याला आहे. मातीचा थर टाकून ढीग झाकणे हा उपाय नव्हे. तिसरा, ढीग आणि गाव यांच्या मध्ये बोअर घेऊन दूषित पाणी उपसत राहणे, ते शुद्ध करणे आणि दर काही महिन्यांनी तपासणे. उपसलेले पाणी नाल्यात सोडले तर आजार पुढच्या गावाला दिल्यासारखे होईल. या कामाला वर्षे लागतात आणि ते एका शेतकऱ्याच्या खिशातून होण्यासारखे नाही.

म्हणूनच बिछडीचा निकाल महत्त्वाचा आहे. 13 फेब्रुवारी 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्याने प्रदूषण केले त्यानेच सफाईचा खर्च द्यायचा. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने जमीन आणि भूजल सुधारण्याचा खर्च सुमारे 37 कोटी रुपये काढला होता. पण कंपन्यांनी अर्जांवर अर्ज करून पैसे टाळले. अखेर जुलै 2011 मध्ये न्यायालयाने व्याजासह रक्कम आणि वर दहा लाखांचा दंडवजा खर्च भरायला सांगितले. निकाल मिळाला तरी पाणी लगेच मिळत नाही, हेही यातून शिकायचे. पिण्याची सोय आधी, लढा सोबत.

पिण्याची सोय म्हणजे त्या विहिरीचे पाणी पूर्ण बंद करून दुसरीकडचे पाणी आणणे. ग्रामपंचायतीकडे टँकर किंवा नळयोजना लेखी मागावी. कोकणात पावसाळ्यात पन्हळीचे पाणी साठवता येते; पहिल्या सरींचे सोडून द्यावे आणि साठवलेले उकळून प्यावे. आरओचे यंत्र बरेच क्षार काढते, पण काही द्रावणे त्यातूनही निसटतात. पाण्याचा तपास न करता त्यावर भरवसा ठेवू नये. अंगाला खाज किंवा पुरळ येत असेल, तर अंघोळ आणि कपडे धुणेही त्या पाण्यात नको.

आता तपासणी. रंग, फेस, वास, पिकांचे करपलेले शेंडे, जनावरांनी तोंड फिरवणे या खुणा आहेत; पण स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही धातू असू शकतो. पंप दहा मिनिटे चालू द्या. प्लास्टिकचा नवा दोन लिटरचा कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, तारीख, वेळ आणि विहिरीची जागा लिहा आणि थंड ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. कारखान्याच्या वरच्या अंगाच्या चांगल्या विहिरीचाही एक नमुना द्या, म्हणजे तुलना होईल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासणी होते. नुसते "पिण्यायोग्य आहे का" असे विचारू नका, कारण मग अनेकदा नेहमीच्याच चाचण्या होतात. सीओडी, सल्फेट, नायट्रेट आणि जड धातू नावाने मागा. एकूण विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरे पाणीच नसेल तर 2,000 ही शेवटची मर्यादा.

हा अहवाल आपल्या माहितीसाठी झाला. न्यायालयात अधिक वजन असते ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने 1974 च्या जल कायद्याप्रमाणे कारखान्याच्या सांडपाण्याचा घेतलेल्या नमुन्याला. म्हणून मंडळाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. मंडळाचे मुख्य कार्यालय सायनला आहे, म्हणजे गावाकडच्या माणसासाठी दादर-परळचा नातेवाईक हे काम करू शकतो. भरपाईसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाकडे जाता येते, पण नुकसानीचे कारण प्रथम घडल्यापासून पाच वर्षांच्या आत. पाणी बिघडल्याची पहिली तारीख, मेलेली जनावरे, बुडालेले पीक, दवाखान्याचे कागद हे सगळे एका वहीत आजपासून लिहीत जा. पाच वर्षे मोजायची कधीपासून, हा प्रश्न निघेल तेव्हा ती वहीच उपयोगी पडेल.