सकाळची बस आणि रात्रीचा दिवा

इंदूरच्या आमच्या राजेंद्र नगरात सकाळी पावणेसातला कोपऱ्याकोपऱ्यावर शाळेच्या बसची वाट बघणारी मुलं दिसतात. कुणी आजीच्या खांद्यावर मान टाकलेली, कुणी उभ्या उभ्या पेंगणारं. मागच्या वर्षी त्यांत माझा नातूही होता. वय आठ, तिसरीत. घरी एका पायात मोजा, दुसरा हातात, आणि पलंगाच्या कडेला बसल्या बसल्या डोळे मिटलेले. सून तीन-तीनदा हाका मारायची. शेवटची हाक ओरडूनच यायची, आणि दिवसाची सुरुवात रडण्यानं व्हायची.

आम्ही सगळे रोज एकच म्हणायचो, “आज लवकर झोपवू.” पण लवकर म्हणजे किती वाजता, हे कुणी ठरवलंच नव्हतं. मग सुनेनं एक कागद घेतला आणि खालून वर लिहायला लागली. सगळ्यात खाली ६:१०, उठायची वेळ. बस ६:५५ ला, म्हणजे ती वेळ हलणार नव्हती. त्याच्या वर, झोप किती हवी? सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संस्थेनं २०१६ मध्ये सांगितलं आहे. पण आपल्या मुलाला नेमकी किती, ते सुट्टीत कळतं. दिवाळीत पहिले तीन-चार दिवस हा नऊ वाजेपर्यंत लोळला. ती मागची थकबाकी होती. नंतर कुणी न उठवता तो साडेनऊ तासांनी आपोआप जागा व्हायला लागला. म्हणजे ८:४० ला डोळा लागायला हवा. अंथरुणावर पडल्यावर झोप यायला वीसेक मिनिटं, म्हणून ८:२० ला दिवा बंद. त्याआधी गोष्ट, त्याआधी दात, गणवेश, दप्तर. आणि सव्वासातला जेवण.

गाडी अडली ती इथेच. मुलगा कामावरून आठला घरी येतो आणि सगळ्यांनी एकत्र जेवायचं ही आमच्या घरची जुनी रीत. मला स्वतःला ती मोडवेना. शेवटी असं ठरलं की नातवानं माझ्यासोबत सव्वासातला वरण-भात, भाजी-पोळी खायची आणि आठ वाजताची गोष्ट बाबांची. एकत्र जेवण रविवारी. बाप-लेकांचा वेळ कमी झाला नाही, फक्त ताटावरून उशीपाशी गेला.

जेवायला बसलं की टीव्ही आणि मोबाइल बंद, आणि खोलीतली मोठी ट्यूबलाइटही. एक छोटा पिवळा दिवा पुरतो. अंधारलं की शरीरात मेलाटोनिन नावाचं द्रव्य वाढतं आणि झोपेची वर्दी देतं. झगझगीत उजेड ते दाबून धरतो, आणि लहान मुलांत मोठ्यांपेक्षा जास्त. जूनमध्ये इथे सूर्य सातनंतर मावळतो, म्हणून तेव्हा पडदेही ओढून घ्या.

एक चूक आम्ही केली, ती तुम्ही करू नका. नातू तेव्हा सव्वादहाला झोपायचा आणि पहिल्याच दिवशी आम्ही त्याला ८:२० ला आडवं केलं. दीड तास पाणी, सू, गुदगुल्या, शेवटी रडारड. नेहमीच्या झोपेआधीचा एक-दोन तास शरीर उलट जास्तच जागं असतं, हे नंतर कळलं. मग आधी फक्त सकाळ पक्की केली. रोज ६:१०, रविवारीही सातच्या पुढे नाही. रात्रीची वेळ मात्र दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं मागे. तीन आठवडे लागले. शाळेतून आल्यावरची दोन तासांची झोपही वीस मिनिटांवर आणावी लागली, नाहीतर रात्री डोळा लागेना.

वेळ जमली की नाही, ते असं ओळखा. दिवा बंद केल्यावर पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली आणि सकाळी मूल एका हाकेत उठलं, तर जमलं. पडताक्षणी झोपलं तर बहुधा झोप अजून अपुरी आहे. रोज पाऊण तास तळमळत असेल तर दिवा थोडा उशिरा बंद करा. आणि पुरेसं झोपूनही मूल दिवसा पेंगत असेल, बहुतेक रात्री घोरत असेल किंवा तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, तर वेळापत्रकात वेळ घालवू नका, डॉक्टरांना दाखवा. टॉन्सिल किंवा नाकामागची गाठ वाढलेली असू शकते.

एवढं सगळं पाळूनही सराफा काही सुटलेला नाही. तिथली खाऊगल्ली रात्रीच जागते, आणि इंदूरच्या मुलाला भुट्ट्याचा कीस नको कसं म्हणायचं? महिन्यातून एका शनिवारी जातो. दुसऱ्या दिवशी सातला उठवतो, दुपारी थोडं झोपू देतो, आणि रात्री ८:२० ला पुन्हा पिवळा दिवा बंद.