गिरडच्या टेकडीची गोष्ट, आईच्या आवाजात

अगं, तुझ्या लेकीची चित्रं पाहिली. फरीदबाबांच्या टेकडीपेक्षा व्यापारी मोठा काढलाय तिने, आणि बैलांना पाच-पाच पाय. एकही पाय खोडू नकोस हं! हीच चित्रं हलवायची आहेत आपल्याला.

पण आधी आईचा आवाज. चित्रं हलवून झाल्यावर आवाज चिकटवायला गेलीस तर आईला घाईघाईने वाचावं लागेल आणि तिची सांगण्याची सगळी ढब जाईल. आवाज आधी घे, चित्रं त्यावर बसव. पंखा बंद कर, गाद्या-रजया ठेवतेस त्या खोलीत बसव तिला. कापड आवाज पिऊन घेतं, घुमत नाही. फोन तोंडासमोर धरू नकोस, वीतभर लांब आणि जरा बाजूला ठेव. नाहीतर ‘फरीदबाबा’ म्हटलं की त्या फ आणि ब चा वारा थेट माइकवर आदळतो, फट्‌ फट्‌ ऐकू येतं. ती बोलायची थांबली तरी रेकॉर्डिंग दहा सेकंद तसंच चालू राहू दे. मधला खोकला कापलास की तिथे ही रिकाम्या खोलीची शांतता लावायची. नुसती पोकळी ठेवलीस तर कानाला खड्डा लागतो.

आणि गोष्ट अर्धी तोडू नकोस. सगळ्यांना एवढंच आठवतं की दोन व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांचा सगळा माल दगड झाला. म्हणून टेकडीवर ते गोल गोल गारगोटे. जुन्या गॅझेटिअरमध्ये पुढचंही आहे. व्यापाऱ्यांनी माफी मागितली, बाबांनी वाळल्या पानांचा नवा माल करून दिला, आणि दोघे कायमचे बाबांच्या सेवेत राहिले. पोरीला पानंही काढायला लाव. बाबांचा चेहरा मात्र दाखवू नये असं मला वाटतं. पाठमोरे किंवा नुसता हात पुरे. दर्ग्याला येणाऱ्या कोणाला खटकायला नको, आणि तुझं ओठ हलवायचं कामही वाचेल.

चित्रांची आधी झेरॉक्स काढ. मूळ कागद कापायचा नाही, पोरगी रडेल. झेरॉक्स जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदावर चिकटव, मग काप. व्यापाऱ्याचा हात वेगळा काप, पण खांद्यापाशी थोडा जास्तीचा कागद ठेव, म्हणजे हात उचलला की फट दिसणार नाही. हात आणि धड दोन्हींतून सुईने दोरा ओव आणि पुढे-मागे गाठ मार. हात फिरतोही आणि सोडला तिथे थांबतोही.

आता मुख्य जागा सांगते. आई म्हणते, “अन् पाहता पाहता समदा माल दगड झाला ना बाप्पा.” याला धर चार सेकंद लागतात. सेकंदाला १२ चौकटी धरल्या तर ४८ झाल्या. घाबरू नकोस, ४८ फोटो नाही काढायचे. पोतं उघडं, त्यात माल म्हणून दहा नारळ, हा पहिला फोटो. तो १० चौकटी थांबव. मग एक नारळ उचल, तिथे तिने काढलेला दगड ठेव, फोटो काढ. असे दहा, प्रत्येक ३ चौकटी, आणि शेवटचा आणखी ८ चौकटी. म्हणजे अकरा फोटोंत काम झालं. फाळक्यांनीही ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या अशाच थोड्या थोड्या सरकवून नाचवल्या होत्या. पहिला दगड ‘दगड’ शब्दाच्या आधीच दिसू दे. आवाज आधी आणि चित्र मागून आलं तर डोळ्याला लगेच खुपतं.

बाकी ठिकाणी हलवाहलव कमीच कर. पिंगुळीच्या चित्रकथीत चित्र जागचं हलत नाही, सांगणाराच ते चालवतो. आईही चालवेल.

चित्र लुकलुकायला लागलं तर ओळख की फोन दर फोटोला उजेड आपला आपण बदलतोय. खिडकी बंद कर, दिव्याखाली काम कर आणि स्क्रीनवर बोट दाबून उजेड आणि फोकस दोन्ही लॉक कर. फोन दोन खुर्च्यांवर फळी टाकून वरून खाली पाहील असा बांध. हातात धरलास तर अख्खी टेकडी डुगडुगेल. आणि तू त्या दिवशी पांढरी ओढणी घेऊ नकोस, तिचा उजेड कागदावर पडतो.

मागे सिनेमाचं गाणं लावू नकोस बाई. प्रत्येक नारळ बदलताना पोरीला दोन दगड टकटक आपटायला सांग, तोच आवाज लाव. दगड अंगणातले घ्या. टेकडीवरचे उचलून आणलेत तर आई तुलाच ओरडेल, मला नाही.